पहाटे घास उतरत नाही त्यांच्यासाठी: सरावाआधी काय, किती आणि केव्हा

पाच वाजता गजर होतो आणि पावणेसहाला सराव सुरू होणार असतो. हातात केळं असतं, पण त्याच्या वासानेच पोट ढवळतं. एक घास घेतला तर तो घशातच अडून बसतो. मग दोन मार्ग उरतात. काहीच न खाता निघायचं आणि अर्ध्या सरावात पाय रिकामे पडल्यासारखे वाटू द्यायचे, किंवा जबरदस्तीने खायचं आणि पहिल्या वेगवान फेरीत ते वर येऊ द्यायचं. पहाटे धावणाऱ्यांच्या गटात मी बरीच वर्षं सराव घेतो आहे. दर मोसमात नव्याने येणाऱ्यांपैकी निदान दोन-तीन जण याच अडचणीत सापडतात. त्यांना मी जे करायला सांगतो, ते इथे क्रमाने मांडतो. उदाहरणं धावण्याची असली तरी सायकल, पोहणं किंवा वल्हवणं करणाऱ्यांनाही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

आधी पाहा, रात्रभरात नेमकं काय संपलेलं असतं

हे कळलं की पहाटेच्या खाण्याची अर्धी धास्ती कमी होते.

शरीरात साखरेचा साठा ग्लायकोजेन या रूपात मुख्यतः दोन ठिकाणी असतो. स्नायूंमध्ये तो मोठा असतो, साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. यकृतात तो लहान असतो, पोटभर जेवल्यावर साधारण ८० ते १०० ग्रॅम. स्नायूंमधली साखर त्याच स्नायूंच्या कामी येते, ती पुन्हा रक्तात उतरत नाही. रक्तातली साखर सांभाळायचं काम यकृताकडे असतं. आपण झोपतो तेव्हा स्नायू जवळजवळ स्वस्थ असतात, पण मेंदू काम करतच असतो. तो एकटाच दिवसाला साधारण १२० ग्रॅम, म्हणजे तासाला ५ ग्रॅमच्या आसपास साखर वापरतो. यकृत थोडी साखर नव्यानेही बनवतं, तरीही सकाळपर्यंत त्याचा साठा बराच खाली आलेला असतो.

म्हणजे आदल्या दिवशी नीट जेवला असाल तर पहाटे तुमच्या पायांतली टाकी जवळपास भरलेली असते. रिकामी होत आलेली असते ती यकृतातली छोटी टाकी. म्हणून पहाटे संपूर्ण जेवणाची गरजच नसते. १५ ते २५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे अर्धं ते एक केळं किंवा पेलाभर पातळ गोड पेय, एवढ्याने बहुतेक तासाभराच्या सरावाचं काम भागतं. ज्यांना भरपेट खाववत नाही, त्यांच्या हातून फार काही निसटत नाही. त्यांना एवढंसं पोटात कसं टिकवायचं, इतकंच शिकायचं असतं.

आज खायची गरज आहे का, हे ठरवा

प्रत्येक पहाटे खाल्लंच पाहिजे असं नाही. सराव ४० ते ६० मिनिटांचा असेल आणि धावताना सहज बोलता येईल इतका हलका असेल, तर पाणी पिऊन निघालात तरी चालतं. चक्कर येत नसेल आणि नंतर दिवसभर भुकेने जीव कासावीस होत नसेल, तर त्या दिवशी पोटाशी झगडू नका.

खायला हवं ते दोन प्रकारच्या दिवशी. एक म्हणजे वेगवान फेऱ्या, चढावरची धाव, जोरदार जिम असा कठीण दिवस. दुसरा म्हणजे सव्वा तासापेक्षा लांब चालणारा दिवस. नवीन माणसाने आठवड्यातले असे दोन किंवा तीन दिवस वहीत लिहून ठेवावेत आणि पहाटेच्या खाण्याचा प्रयोग तेवढ्याच दिवसांपुरता मांडावा. रोज मळमळ सोसत खाण्याचा हट्ट धरला, तर पोट त्या वेळेचाच तिटकारा करू लागतं.

मळमळ कुठून येते, ते शोधा

सगळ्यांची पहाटेची मळमळ एकाच कारणाने होत नाही, आणि कारण चुकीचं धरलं की उपायही चुकतो. तीन-चार दिवस लक्ष ठेवलं तर ते बहुधा उलगडतं.

पहिलं कारण उशिराचं जेवण. रात्री पोट दिवसापेक्षा सावकाश रिकामं होतं. त्यात जेवण तेलकट किंवा भरपूर चोथ्याचं असेल तर ते आणखी रेंगाळतं. खूण अशी की उठल्यावर पोट जड वाटतं, ढेकरेत रात्रीच्या जेवणाचा वास येतो आणि सुट्टीच्या दिवशीही सकाळी उशिरापर्यंत भूक लागत नाही.

दुसरं कारण आम्लपित्त. तोंडाला आंबट चव असते, छातीच्या मध्यभागी जळजळते आणि वाकल्यावर ती वाढते. अशांना आंबट फळांचा रस आणि रिकाम्या पोटी कॉफी हमखास बाधते.

तिसरं कारण मनावरचा ताण. सुट्टीच्या दिवशी त्याच वेळी उठलात तर व्यवस्थित खाता येतं, पण कठीण सरावाच्या दिवशी मात्र घास फिरतो. पोटात काही बिघडलेलं नसतं. पुढे येणाऱ्या श्रमाच्या कल्पनेनेच ते आवळून घेतं. अशा लोकांना चावायचं काहीही नको वाटतं, पण पातळ पदार्थ चालतो.

चौथं अगदी साधं कारण म्हणजे कोरडं पडलेलं तोंड आणि रात्रभर न मिळालेलं पाणी. कोरड्या तोंडात ब्रेडचा घास गोळा होऊन बसतो. आधी चूळ भरून थोडं पाणी प्यायलं की दहा मिनिटांनी तोच घास उतरतो. हा उपाय इतका सोपा आहे की लोक तो करूनच पाहत नाहीत.

यांपैकी काहीही असलं तरी सराव सुरू झाल्यावर आणखी एक गोष्ट घडते. जोर वाढला की शरीर आतड्यांकडचं रक्त कमी करून स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळवतं. पचन तेव्हा बरंच मंदावतं. पोटात जे शिल्लक असेल ते तसंच हिंदकळत राहतं. म्हणून निघताना पोटात काय आहे यापेक्षा जोराची पहिली फेरी सुरू होताना पोटात काय उरलं आहे, हे महत्त्वाचं.

पहिली पायरी आदल्या रात्रीची

पहाटेचा प्रश्न मी नेहमी रात्रीपासून सोडवायला घेतो, आणि नव्या लोकांना याचंच नवल वाटतं. जेवण झोपण्याच्या अडीच-तीन तास आधी उरकावं. दुसऱ्या दिवशी कठीण सराव असेल तर ताटात भात, बटाटा, ब्रेड किंवा पास्ता यांपैकी जे खात असाल ते नेहमीपेक्षा थोडं जास्त घ्यावं आणि तळलेलं, तुपा-तेलातलं कमी करावं. कडधान्यं आणि चोथ्याच्या भाज्या एरवी उत्तमच, पण त्या रात्री त्यांचं प्रमाण निम्म्यावर आणावं. स्निग्ध पदार्थ आणि चोथा पोटाचं काम लांबवतात, आणि चोथ्यामुळे आतड्यात वायू होतो तो नेमका पहाटेच त्रास देतो.

कामावरून उशिरा येणाऱ्यांनी जेवणाचे दोन भाग करावेत. संध्याकाळी सहा-सातला कामाच्या जागीच मुख्य खाणं, आणि घरी आल्यावर हलकं काहीतरी, जसं भात-दही किंवा दुधातले ओट्स. ज्यांना पहाटे एक घोटही जात नाही त्यांच्यासाठी हा रात्रीचा हलका आहारच खरा आधार असतो, कारण यकृताचा साठा भरायची शेवटची संधी तीच. ती साधली तर पहाटे नुसत्या पाण्यावर केलेला तासाभराचा सरावही निभतो.

हा बदल आठवडाभर करा आणि पहाटेच्या खाण्याला तोवर हातच लावू नका. माझ्या पाहण्यात काही जणांची मळमळ एवढ्यानेच निम्मी झाली आहे.

वेळ कशी साधायची

गजर आणि सराव यांत ४० ते ५० मिनिटं असतात, असं धरून सांगतो, कारण बहुतेकांची स्थिती तीच असते. तासभर आधी उठा असा सल्ला मी देत नाही. झोपेचा एक तास घालवून खाल्लेल्या केळ्याने फायदा होत नाही.

उठल्याबरोबर चूळ भरावी आणि १५० ते २०० मिलिलिटर साधं पाणी घोटाघोटाने प्यावं. फार थंड नको. त्यानंतर दहा मिनिटं काही खाऊ नये. तोंड धुणं, कपडे, बूट हे सगळं त्यात उरकतं. शौचाला जायचं असेल तर तेही याच वेळेत व्हावं, कारण पाणी आणि हालचाल यांनी आतडी जागी होतात.

आता खाण्याची वेळ. इथे एक खाच आहे, ती नीट समजून घ्या. गोड पदार्थ खाल्ला की रक्तातली साखर वाढते, ती आवरायला इन्सुलिन वाढतं आणि इन्सुलिनचा जोर साधारण अर्ध्या ते पाऊण तासाने चांगलाच असतो. नेमक्या त्याच वेळी धावायला लागलात तर स्नायूही रक्तातली साखर जोरात ओढू लागतात. दोन्ही ओढी एकत्र आल्या की काही लोकांची साखर सरावाच्या सुरुवातीलाच खाली जाते. हात थरथरतात, गार घाम येतो, पाय मऊ पडल्यासारखे होतात. बहुतेकांना हे जाणवतही नाही आणि ज्यांना जाणवतं त्यांचं बऱ्याचदा दहा-वीस मिनिटांत आपोआप सावरतं. पण जो त्यात सापडतो त्याला वाटतं की पहाटे खाणं आपल्याला सोसतच नाही, आणि तो खाणं सोडून देतो. त्याने खरं तर फक्त वेळ बदलायची असते.

म्हणून ज्यांना असं होतं त्यांनी सराव सुरू व्हायच्या ५ ते १५ मिनिटं आधी, किंवा वॉर्म-अप चालू असतानाच खावं. अंग हलू लागलं की इन्सुलिनची ती उसळी दबते आणि खाल्लेली साखर थेट कामी येते. मळमळणाऱ्यांना ही वेळ दुहेरी सोयीची असते, कारण उठून अर्धा तास झालेला असतो आणि पोट जरा मोकळं झालेलं असतं. पातळ पदार्थासाठी तर हीच वेळ उत्तम. घन पदार्थ घ्यायचा असेल तर वॉर्म-अप किमान १५ मिनिटांचा असावा, म्हणजे जोराच्या फेरीपर्यंत त्याला पोटातून पुढे सरकायला अवधी मिळतो.

काय घ्यायचं: घोटापासून घासापर्यंत

खालचे पर्याय चढत्या क्रमाने आहेत. तुम्हाला आज जे विनासायास जमतं तिथून सुरुवात करा आणि एका पायरीवर किमान चार-पाच सराव काढल्याशिवाय वर जाऊ नका. पोट आणि आतडीही सरावाने शिकतात, फक्त पायांपेक्षा सावकाश.

सगळ्यांत खालची पायरी म्हणजे गिळायचंच नाही. गोड पेयाचा घोट तोंडात ५ ते १० सेकंद घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने पाहतात, पण यामागे खरं संशोधन आहे. २००४ मध्ये सायकलपटूंवर केलेल्या एका प्रयोगात कर्बोदकांच्या द्रावणाने नुसती चूळ भरणाऱ्यांनी तासाभराचं अंतर साध्या पाण्याने चूळ भरलेल्या दिवसापेक्षा सुमारे ३ टक्के लवकर कापलं. तोंडातल्या संवेदक पेशींना कर्बोदकं कळतात आणि मेंदू इंधन येणार असं समजून हात थोडा सैल सोडतो. यातून साखर मिळत नाही, त्यामुळे लांबच्या धावेला याचा भरवसा धरू नये. पण तासाभराच्या कठीण सरावाला, आणि पहाटेच्या गोड चवीची भीती घालवायला, ही पायरी फार उपयोगी आहे.

त्यानंतर पातळ पेय. घरचं पेय असं करा: ३०० मिलिलिटर पाण्यात ४ सपाट छोटे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ. यात साधारण १६ ग्रॅम साखर होते, म्हणजे द्रावण ५ टक्क्यांच्या थोडं वर. आम्लपित्त नसेल तर चवीला लिंबाचे दोन-चार थेंब. साखर याहून फार वाढवू नका. दाट गोड पाणी पोटात जास्त वेळ थांबतं आणि आतड्यात पाणी ओढून घेतं, त्यातून मुरडा आणि घाईची शौचाला लागते. फळांचा रस घ्यायचा असेल तर निम्मं पाणी घालून घ्या. सफरचंदाचा आणि नाशपातीचा रस मात्र टाळा, कारण त्यांतलं जास्तीचं फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल अनेकांच्या आतड्यांना झेपत नाही. पहिल्या आठवड्यात या पेयाचे फक्त १०० मिलिलिटर, तेही पाच-सहा घोटांत. मग १५०, मग २००. एका दमात पेला रिकामा केला तर पुढची वीस मिनिटं पोटात डचमळत राहील.

पेय जमलं की मऊ पदार्थ. एक मोठा चमचा मध साधारण १७ ग्रॅम कर्बोदकांचा, मोठा मऊ खजूर तेवढ्याच जवळ जातो, अर्धं मध्यम केळं १२-१३ ग्रॅमचं. केळं पिकलेलं, सालीवर तपकिरी ठिपके आलेलं घ्या. कच्चट केळ्यातला स्टार्च पचायला वेळ लावतो. बाजारातली एनर्जी जेल याच पायरीवर येते. तिच्यात बहुधा २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि ती पाण्याबरोबरच घ्यावी लागते. ती दाट असल्यामुळे पाण्याशिवाय घेतली तर पोटात गोळा धरल्यासारखं होतं.

शेवटी चावायचं काही. पांढऱ्या ब्रेडचा एक टोस्ट साधारण १३ ते १५ ग्रॅम, वरून मधाचा हलका हात. किंवा तीन-चार छोटी साधी बिस्किटं. पांढरा ब्रेड एरवी पौष्टिक म्हणून कोणी सुचवत नाही, पण पहाटेच्या या पंधरा मिनिटांत चोथा कमी असणं हाच त्याचा गुण आहे. शेंगदाण्याचं लोणी, सुकामेवा, अंडं, चीज, ओट्सचा मोठा वाडगा हे सगळं सरावानंतर. दुधाबद्दल मात्र माणसागणिक अनुभव वेगळा येतो. ज्यांना दूध पचतं त्यांना अर्धा कप कोमट दूध चालून जातं, ज्यांना वायू होतो त्यांनी पहाटे त्याच्या वाटेला जाऊ नये.

कॉफीची सवय असेल तर ती उठल्यानंतरच्या पाण्यामागून, अर्धा कप, सरावाच्या निदान ४० मिनिटं आधी. कॉफीने मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. घरातून निघण्याआधी तिचा परिणाम होऊन गेलेला बरा.

एका धावपटूचे पाच आठवडे

आमच्या गटातल्या एका बाईंचं उदाहरण सांगतो. वय ३४, वजन ५८ किलो. मंगळवारी पावणेसहाला वॉर्म-अप, सहाला ८०० मीटरच्या सहा फेऱ्या. त्या पाच वाजून पाच मिनिटांनी उठत आणि पाण्याखेरीज काही घेत नसत. पहिल्या तीन फेऱ्या ४ मिनिटं ५ सेकंदांच्या आसपास होत. चौथीपासून वेळ घसरत जाई आणि सहावी ४ मिनिटं २० सेकंदांवर पोचे. थांबल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येई. दम किंवा पाय कमी पडत असते तर संध्याकाळच्या सरावातही हेच दिसलं असतं, पण तिथे सहाही फेऱ्या सारख्या होत. म्हणून मी खाण्याकडे वळलो.

रात्रीचं जेवण विचारलं तर पावणेदहाला, आणि साडेदहा-पावणेअकराला झोप. पहिल्या आठवड्यात फक्त जेवण आठवर आणलं, भात वाढवला, तळण काढलं. पहाटे गोड पाण्याची चूळ, गिळायचं काही नाही. मंगळवारी उठल्यावरचा जडपणा गेला होता, अंधारी आली नाही, पण शेवटच्या दोन फेऱ्या अजून घसरत होत्या.

दुसऱ्या आठवड्यात वॉर्म-अप सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधीपासून १०० मिलिलिटर पेय, घोटाघोटाने. किंचित ढेकर आले, बाकी काही नाही. तिसऱ्या आठवड्यात १५० मिलिलिटर. शेवटची फेरी ४ मिनिटं १२ सेकंदांवर आली.

चौथ्या आठवड्यात त्यांना हुरूप आला आणि त्यांनी उठल्या उठल्या, सव्वापाचला, अख्खं केळं खाल्लं. सहाला पहिल्याच फेरीत हात थरथरू लागले, घाम गार वाटला. त्या म्हणाल्या, “सर, केळं मला चालतच नाही.” मी त्यांना घड्याळ पाहायला सांगितलं. खाल्ल्यानंतर बरोबर पाऊण तासाने पहिली फेरी आली होती, तीही मध्ये काहीच न घेता. तिसऱ्या फेरीपर्यंत त्या सावरल्या, त्यावरूनही साखरेच्या त्या तात्पुरत्या घसरणीचीच शंका बळावली.

पाचव्या आठवड्यात तेच केळं, पण अर्धं, आणि पाच पस्तीसला. वॉर्म-अपमध्ये १५० मिलिलिटर पेय. दोन्ही मिळून सुमारे २१ ग्रॅम कर्बोदकं. सहाही फेऱ्या ४ मिनिटं ५ ते ८ सेकंदांत बसल्या. थरथर नाही, मळमळ नाही. त्यांनी तिथेच थांबायचं ठरवलं आणि मीही आग्रह केला नाही. अख्ख्या केळ्याची त्यांना गरजच नव्हती.

बिघडलं तर कुठे पाहायचं

त्रास केव्हा होतो, यावरून कारण ओळखता येतं. सुरुवातीच्या वीस मिनिटांत थरथर आणि गार घाम आला तर खाण्याची वेळ सरावाच्या जवळ आणा. जोर वाढल्यावर अन्न वर येत असेल तर पदार्थ पातळ करा किंवा मात्रा निम्मी करा, कारण ते अजून पोटातच आहे. फासळीखाली कळ येत असेल तर एका वेळी प्यालेलं पाणी किंवा रस जास्त झाला असण्याचा संभव मोठा. शौचाची घाई होत असेल तर पेय किती गोड आहे, कॉफी कधी घेतली आणि आदल्या रात्री चोथा किती होता, या क्रमाने तपासा. आणि सुरुवात उत्तम होऊन सव्वा तासानंतर एकदम ताकद गेली तर पहाटेचं खाणं बरोबरच होतं, फक्त वाटेतलं कमी पडलं. सव्वा तासापेक्षा लांब सरावात साधारण अर्ध्या तासापासून पुढे तासाला ३० ग्रॅम कर्बोदकं घोटाघोटाने चालू ठेवावीत. पहाटे कमी खाणाऱ्यांना ही सोय वरदानच आहे, कारण धावायला लागल्यावर त्यांची मळमळ बऱ्याचदा निवळलेली असते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. जेवणाची वेळ, पदार्थ आणि मात्रा एकदम बदलल्यात तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. वहीत चार गोष्टी पुरतात: रात्री किती वाजता काय जेवलो, पहाटे किती वाजता काय घेतलं, जोर कधी सुरू झाला, पोटाने काय केलं.

पोहणाऱ्यांनी मात्रा आणखी कमी ठेवावी, कारण आडवं शरीर आणि पाण्यातली उलटी वळणं यांनी अन्न सहज घशाशी येतं. सायकल चालवणाऱ्यांना धावणाऱ्यांसारखे हादरे बसत नाहीत, त्यांना सहसा एक पायरी वरचं झेपतं.

सराव संपल्यावर मात्र टाळाटाळ नको. तासाभरात नीट न्याहारी, तीत २० ते ३० ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर कर्बोदकं. सकाळी काही खाल्लं नाही आणि नंतरही उशीर केला, तर संध्याकाळी अनावर भूक लागते, रात्री उशिरा जड जेवण होतं आणि पुढच्या पहाटे पुन्हा तीच मळमळ.

काही जणांनी हे प्रयोग स्वतः करू नयेत

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पहाटेचं खाणं, औषध आणि सराव यांचा मेळ डॉक्टरांकडूनच घालून घ्यावा. त्यांच्यासाठी वर सांगितलेली थरथर आपोआप सावरणारी नसते, ती धोक्याची खूण असते. गरोदर स्त्रियांनीही आधी विचारावं. व्यायाम करताना शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल, मळमळीबरोबर वजन उतरत असेल, गिळताना अन्न अडकत असेल किंवा शौचाला काळी होत असेल, तर ते पहाटेच्या खाण्याचं दुखणं नव्हे. तिथे केळ्याची वेळ बदलत बसू नये, तपासणी करून घ्यावी. आणि ज्यांचं जेवणाशी नातं आधीच ताणलेलं आहे, ज्यांना न खाणं हीच कमाई वाटते, त्यांच्या बाबतीत पहाटेची मळमळ ही कधी कधी न खाण्याची सबब असते. अशा वेळी प्रशिक्षकाने आणि घरच्यांनी हळुवारपणे विचारलं पाहिजे.

लांब शर्यतीची पहाट

अडीच-तीन तास किंवा त्याहून जास्त चालणाऱ्या शर्यतीला २० ग्रॅमवर भागत नाही. त्या एका दिवशी मी लवकर उठायला सांगतो, शर्यतीच्या तीन तास आधी. पण तेव्हाही एकदम ताट पुढे ओढायचं नाही. उठल्यावर पाणी. अर्ध्या तासाने मध लावलेला एक टोस्ट. पुढच्या अर्ध्या तासात आणखी एक, जमला तर अर्ध्या केळ्यासोबत. मग दीड तास पोटाला पूर्ण विश्रांती, या वेळात फक्त पाण्याचे घोट. सुरुवातीच्या रेषेवर उभं राहण्यापूर्वी दहा मिनिटं नेहमीचं १५० मिलिलिटर पेय. सगळं मिळून साधारण ६० ग्रॅम होतात आणि एकही घास मोठा नसतो. हा क्रम शर्यतीआधी निदान दोन लांब सरावांच्या पहाटे करून पाहा, तोच ब्रेड, तोच मध, त्याच वेळा. शर्यतीच्या ठिकाणी हे मिळेलच असं धरू नका. टोस्ट आदल्या रात्रीच डब्यात भरून ठेवा.